लांब लिंक ईमेलमध्ये मधेच का तुटते आणि ती अखंड कशी पोचवायची

आमच्या वाचन मंडळाच्या सभासदांना मी महिन्यातून एकदा मेल करतो. मागे एकदा त्यात मराठी विकिपीडियावरच्या ‘महाराष्ट्र’ या पानाची लिंक दिली होती. दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सभासद बाईंचा फोन आला. “अहो, तुमची लिंक दाबली की पानाचं नाव चुकीचं आहे असं काहीतरी येतंय.” मी तीच लिंक माझ्या संगणकावर उघडून पाहिली, तर पान व्यवस्थित उघडलं. मग त्यांना म्हटलं, मेलमध्ये निळी अक्षरं कुठे संपतात ते जरा वाचून दाखवता का? त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, “टक्का, ए, चार. आणि त्याच्याखाली काळ्या अक्षरांत आणखी एक ओळ आहे, टक्का, बी, ई…”

तेवढ्यावरून सगळं कळलं. निळी ओळ म्हणजे लिंकचं डोकं आणि काळी ओळ म्हणजे तुटून खाली पडलेलं धड. त्यांच्या मेल प्रोग्रॅमला मधे ओळ मोडलेली दिसली, तेव्हा पत्ता तिथेच संपला असं त्याने धरलं.

आधी बघा, खरंच तुटली आहे का

लिंक दोन ओळींत दिसते म्हणजे ती तुटलीच असं नाही. पडदा अरुंद असेल तर कुठलाही प्रोग्रॅम लांब पत्ता दोन-तीन ओळींत मांडून दाखवतो. ही मोड फक्त डोळ्यांपुरती असते, पत्रात ती नसते. अशी लिंक दाबली तर पूर्ण पत्ता उघडतो. खरी तुटलेली लिंक वेगळी असते. तिच्यात पत्राच्या मजकुरातच, म्हणजे आपण कळफलकावर एंटर दाबतो तशी, ओळ संपल्याची खूण घुसलेली असते.

दोन्हींतला फरक ओळखायला सोपी चाचणी आहे. मेलची खिडकी रुंद करा, मग अरुंद करा. ओळ मोडण्याची जागा खिडकीबरोबर सरकत असेल तर लिंक शाबूत आहे. खिडकी कितीही रुंद केली तरी लिंक त्याच अक्षरावर तुटत असेल, तर मोड पत्रात आहे. फोनवर खिडकी रुंद करता येत नाही, तिथे फोन आडवा धरून बघा. दुसरी खूण रंगाची: पहिला तुकडा निळा आणि पुढचा साधा काळा असेल तर शंकेला जागाच उरत नाही.

कात्री कुठे चालते

मेलमधली ओळ साधारण ७२ ते ७८ अक्षरांवर मोडायची ही रीत जुनी आहे. संगणकाच्या जुन्या पडद्यांवर एका ओळीत ८० अक्षरं मावत, आणि ती रुंदी त्याही आधीच्या, आयबीएमच्या १९२८ सालच्या ८० स्तंभांच्या भोकपत्रांशी जुळणारी होती. उत्तर देताना मूळ मजकुराच्या प्रत्येक ओळीपुढे `>` ही खूण लागते. उत्तराला उत्तर आलं की ती आणखी एकदा लागते. या खुणांना जागा उरावी म्हणून लोक ओळ ७२च्या आसपास संपवू लागले. पुढे हे नियमांतही उतरलं. ईमेलच्या रचनेचं मानक, आरएफसी ५३२२, सांगतं की एका ओळीत ९९८पेक्षा जास्त अक्षरं असूच नयेत आणि शक्यतो ७८पेक्षा जास्त असू नयेत.

यातली ९९८ची मर्यादा सक्तीची आहे, ७८ची शिफारस आहे. म्हणजे १२०, १५०, अगदी ३०० अक्षरांची लिंक एका ओळीत पाठवायला नियमाची काहीच आडकाठी नाही. लिंक तुटते ती पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने शिफारस फार कडक पाळली म्हणून. बरेचसे प्रोग्रॅम ओळ मोडताना दोन शब्दांमधली मोकळी जागा शोधतात. लिंकमध्ये मोकळी जागा नसते, त्यामुळे ते तिला हात लावत नाहीत. पण काही प्रोग्रॅम जागा सापडली नाही की थेट ठरलेल्या अक्षरावर कापतात, आणि काहींना जोडरेघ दिसली की तिथे मोडायला हरकत नाही असं वाटतं.

हे सगळं साध्या मजकुराच्या मेलमध्ये घडतं. रंग, ठळक अक्षरं, चित्रं असलेला एचटीएमएल मेल असेल तर लिंकचा पत्ता शब्दांच्या मागे वेगळा साठवलेला असतो, आणि दिसणारी ओळ कुठेही मोडली तरी त्या पत्त्याला धक्का लागत नाही. त्यामुळे तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारावा: मेल साध्या मजकुरात गेला होता का? आमचा तसाच जात होता. मंडळातल्या एका मुलाने लिहून दिलेला छोटा पायथन प्रोग्रॅम तो पाठवत असे.

मराठी लिंक इतकी लांब का होते

इथे मराठी वाचकांच्या वाट्याला जास्तीचा त्रास येतो. पत्त्याच्या पट्टीत आपल्याला दिसतं ते असं:

```
https://mr.wikipedia.org/wiki/महाराष्ट्र
```

पण क्रोमसारख्या ब्राउझरमधून हा पत्ता कॉपी करून मेलमध्ये चिकटवला की त्याचं हे रूप होतं:

```
https://mr.wikipedia.org/wiki/%E0%A4%AE%E0%A4%B9%E0%A4%BE%E0%A4%B0%E0%A4%BE%E0%A4%B7%E0%A5%8D%E0%A4%9F%E0%A5%8D%E0%A4%B0
```

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइटचं असतं, आणि वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण आणि दोन अक्षरं अशा तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी दहा चिन्हं आहेत: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. त्यांची ९० अक्षरं झाली. त्यांच्या आधीचा, सुरुवातीपासून `/wiki/`पर्यंतचा भाग ३० अक्षरांचा. एकूण १२०.

याच हिशेबाने ‘पुणे’ची लिंक ६६ अक्षरांची होते, म्हणून ती कधी तुटत नाही. ‘मुंबई’ची होते ७५. ती ७६ अक्षरांवर मोडणाऱ्या प्रोग्रॅममधून सुखरूप जाते आणि ७२वर मोडणाऱ्यात तुटते. एकच मेल, एकाच जागेवरच्या तीन लिंका, त्यातली एक चालते आणि एक चालत नाही, असं कुणी सांगितलं तर ते खरं असू शकतं.

आता आमच्या बाईंना दिसलेल्या दोन ओळी पाहा.

```
https://mr.wikipedia.org/wiki/%E0%A4%AE%E0%A4%B9%E0%A4%BE%E0%A4%B0%E0%A4
%BE%E0%A4%B7%E0%A5%8D%E0%A4%9F%E0%A5%8D%E0%A4%B0
```

पहिली ओळ बरोबर ७२ अक्षरांची आहे. त्यात म, ह, काना आणि र पूर्ण आले. त्यानंतरच्या कान्याचे तीनपैकी दोनच बाइट वरच्या ओळीत बसले आणि तिसरा, `%BE`, खाली गेला. अर्धा काना कुठल्याच भाषेत नसतो, म्हणून विकिपीडियाने नाव चुकीचं असल्याची तक्रार केली. कापाची जागा तीन अक्षरं पुढे असती तर काना पूर्ण झाला असता, आणि ‘महारा’ नावाचा लेख अस्तित्वात नाही असं उत्तर मिळालं असतं.

इथे निदान चूक लगेच लक्षात येते. वाईट प्रकार वेगळाच आहे. समजा लिंक अशी आहे:

```
https://example.org/form?year=2025&branch=pune&member=4471
```

ही मुळात यापेक्षा बरीच लांब आहे आणि `branch=`च्या अलीकडे तुटली असं धरा. दाबल्यावर पान उघडतं, अर्जही दिसतो, पण शाखा आणि सभासद क्रमांक गळालेले असतात. भरणाऱ्याला काही चुकलंय याचा पत्ताच लागत नाही. आधीच काही रकाने भरून पाठवायच्या अर्जांत हे नेहमी होतं. रकाने कोरे आले अशी तक्रार आली तर अर्जाकडे वळण्याआधी लिंक तपासा.

तुटलेली लिंक हातात आली तर

पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत दोन्ही ओळी एकदम निवडून कॉपी करा आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवा. क्रोम आणि फायरफॉक्स मधली ओळमोड सहसा आपणहून काढून टाकतात. पण एंटर दाबण्याआधी जोडावर नजर टाका. तिथे मोकळी जागा किंवा `%20` दिसलं तर खोडा. मेल कुणीतरी उत्तरादाखल पाठवला असेल तर दुसऱ्या ओळीच्या आधी `>` चिकटलेलं असतं, तेही खोडायचं. असे तीन-चार तुकडे असतील तर आधी नोटपॅडमध्ये जोडून घेणं सोयीचं पडतं.

जोडावर येणारी दोन चिन्हं फसवतात. एक जोडरेघ. पहिली ओळ `-`वर संपत असेल तर ती पत्त्याचाच भाग आहे की ओळ मोडताना कुणी घातली आहे, हे नुसतं बघून सांगता येत नाही. आधी रेघेसकट उघडून बघा, कारण मेल प्रोग्रॅम सहसा जादा रेघ घालत नाहीत. नाही उघडलं तर रेघ काढून बघा. दुसरं चिन्ह बरोबरीचं. ओळीच्या शेवटी एकटं `=` आणि मधे जागोजागी `=3D` दिसत असेल, तर मेलची सांकेतिक मांडणी उलगडली गेलेली नाही. त्या मांडणीत ओळ ७६ अक्षरांच्या आत ठेवतात आणि ‘ओळ इथे संपलेली नाही’ हे सांगायला शेवटी `=` लावतात. खरं बरोबरीचं चिन्ह मग `=3D` असं लिहावं लागतं. अशा लिंकमध्ये आधी ओळीअखेरचं `=` खोडून ओळी जोडायच्या आणि नंतर प्रत्येक `=3D`च्या जागी `=` ठेवायचं. क्रम उलटा केला तर कुठलं `=` खरं ते कळणार नाही.

पाठवताना काय करायचं

सगळ्यात पक्का उपाय म्हणजे लिंक शब्दांमागे ठेवणं. जीमेल, आउटलुक आणि थंडरबर्ड या तिन्हींत शब्द निवडून `Ctrl+K` दाबलं की पत्ता विचारला जातो. ‘महाराष्ट्र, मराठी विकिपीडिया’ असे शब्द लिहा आणि पत्ता त्यांच्यामागे द्या. त्यासाठी मेल एचटीएमएल असायला हवा. जीमेलमध्ये लिहिण्याच्या खिडकीतल्या तीन टिंबांत `Plain text mode` असतं, तिथली बरोबरची खूण काढा. ती एकदा चुकून लागली की पुढच्या मेलांनाही लागून राहते, आणि ‘कालपर्यंत सगळं नीट होतं’ या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

साध्या मजकुरातच पाठवायचं असेल, किंवा वाचणाऱ्यांपैकी काहीजण साधा मजकूरच पाहतात हे माहीत असेल, तर लिंक मुळात आखूड करा. त्यासाठी आधी तिच्यातला कचरा काढावा. समाजमाध्यमावरून किंवा जाहिरातीतून घेतलेल्या पत्त्याच्या शेपटीला `fbclid=` किंवा `utm_source=` असं काही लांबलचक असतं. ते फक्त तुम्ही कुठून आलात याची नोंद ठेवायला असतं, पानाला त्याची गरज नसते. मात्र `?`च्या पुढचं सगळंच सरसकट उडवू नका. `id=` सारखा भाग गेला तर पान बदलतं. एकेक तुकडा काढा आणि उरलेला पत्ता ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडून बघा.

त्यानंतर छोटी लिंक. ती शक्यतो मूळ ठिकाणाहूनच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. विकिपीडियाच्या पानावरच्या साधनांच्या यादीत `Get shortened URL` असतं, त्यातून `w.wiki`ने सुरू होणारा इवलासा पत्ता मिळतो. गुगल फॉर्म पाठवताना लिंक छोटी करायची सोय तिथेच असते, तो पत्ता `forms.gle`चा असतो. नकाशातली जागा पाठवायची तर पत्त्याच्या पट्टीतून न उचलता ‘शेअर’ दाबून घ्या. अनोळखी छोट्या लिंकवर दाबू नका असं बँका सतत सांगतात आणि आपले ज्येष्ठ सभासद ते मनापासून पाळतात. म्हणून लिंकच्या आधी ती कुठे नेते ते शब्दांत लिहा. छोट्या लिंकचं आयुष्य ती देणाऱ्या सेवेइतकंच असतं. गुगलच्या `goo.gl` सेवेने २०१९मध्ये नव्या लिंका देणं थांबवलं आणि ऑगस्ट २०२५मध्ये वापरात नसलेल्या जुन्या लिंका बंद केल्या. दहा वर्षांनी कुणी वाचेल अशा कागदपत्रात मूळ पत्ताही द्यायला हवा. आणि पासवर्ड बदलण्याची किंवा फक्त एका माणसासाठी असलेली लिंक तिऱ्हाइताच्या सेवेतून कधीही छोटी करू नये.

लांब पत्ता जसाच्या तसा द्यायचाच असेल तर त्याला स्वतंत्र ओळ द्या आणि कोनी कंसात घाला:

```
<https://example.org/form?year=2025&branch=pune&member=4471>
```

ही पद्धत पत्त्यांच्या मानकात, आरएफसी ३९८६च्या परिशिष्टात सुचवलेली आहे. कंसाच्या आत ओळमोड आली तर वाचणाऱ्याने ती दुर्लक्षावी असं तिथे म्हटलं आहे. सगळे प्रोग्रॅम ते पाळत नाहीत, पण जे पाळतात त्यांच्यात तुटलेली लिंकही चालते, आणि जे पाळत नाहीत त्यांच्यातही पत्ता कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे माणसाला दिसतं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक सवय मोडायला हवी. आपण ‘संकेतस्थळावर’ लिहितो तसं पत्त्यालाही प्रत्यय चिकटवतो: `https://example.org/arjवर`. मेल प्रोग्रॅमला ‘वर’ हा पत्त्याचाच भाग वाटू शकतो. पत्त्यामागे मोकळी जागा सोडा, किंवा वाक्य आधी पूर्ण करून पत्ता खालच्या ओळीत द्या. पूर्णविरामही पत्त्याला चिकटवू नका.

सेटिंग कुठे असतं

संगणकावरच्या जुन्या आउटलुकमध्ये `File`, `Options`, `Mail` असं गेलं की खाली `Message format` सापडतं. तिथे `Automatically wrap text at character` समोर ७६ असतं, ते १३२पर्यंत वाढवता येतं. आमची १२० अक्षरांची लिंक त्यात बसते, दीडशेची बसणार नाही. थंडरबर्डमध्ये `Config Editor` उघडून `mailnews.wraplength` शोधा. तिथे ७२ असतं, ० केलं की ओळी मोडणं थांबतं. पण ही सेटिंगं फक्त तुमच्या संगणकावरून निघणाऱ्या मेलला लागू होतात. वाटेत कुणी उत्तर दिलं किंवा पुढे पाठवलं तर त्यांच्या प्रोग्रॅमची कात्री पुन्हा चालू शकते.

आमच्या मंडळाच्या प्रोग्रॅममध्ये दोष एका ओळीचा निघाला. परिच्छेद नीट दिसावेत म्हणून त्या मुलाने `textwrap.fill` वापरलं होतं, रुंदी ७२. पायथनचं हे साधन सांगितलं नाही तर लांब शब्द कापतं आणि जोडरेघेवर मोडतं. दोन्ही सवयी बंद केल्या:

```python
textwrap.fill(para, width=72,
              break_long_words=False,
              break_on_hyphens=False)
```

लांब ओळ पुढे कशी जाईल याची काळजी करायची गरज पडली नाही. मेल तयार करताना पायथनचं `EmailMessage` तिला आपणहून सांकेतिक मांडणीत बसवतं, आणि वाचणाऱ्याकडे ती उलगडून सलग दिसते. तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत असेल तर शोधायचं तेच, मजकूर ठरावीक रुंदीत बसवणारी ओळ. पीएचपीत ती `wordwrap` असते आणि तिचा चौथा पर्याय `true` असेल तर ती लांब शब्द कापते.

आता मेल सगळ्यांना पाठवण्याआधी मी तो स्वतःच्या दोन पत्त्यांवर पाठवतो. एक फोनवर उघडतो, एक संगणकावर, आणि फोनवरून तो संगणकावरच्या पत्त्याला उत्तर म्हणूनही पाठवतो, कारण आमचे निम्मे सभासद लिंक अशा उत्तरांमधूनच वाचतात. लिंक उघडली की पत्त्याच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून मूळ पत्त्याशी ताडतो, शेवटची पाच अक्षरं पुरतात. ‘महाराष्ट्र’साठी तो शेवट `A4%B0` असा असायला हवा. त्या बाईंना मी हेच सांगून ठेवलं आहे. पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला तो लिंक उघडली हे सांगायला नव्हता, त्या पानावरचं एक वाक्य त्यांना पटलं नव्हतं.